‘आधी टॅक्स भरा, मग विड्रॉल’ हीच फसवणुकीची खूण

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी सोलापुरात आयकर सल्लागार म्हणून काम करतो. क्रिकेटचे मोठे सामने सुरू झाले की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. ऑनलाइन बेटिंगच्या ॲपवर जिंकलेले पैसे दिसतात, पण ते काढायला गेले की समोरचा ‘तीस टक्के टॅक्स आधी जमा करा’ असे सांगतो. तर तो भरावा का? नुकताच अक्कलकोट रोडच्या यंत्रमाग कारखान्यात काम करणारा एक तरुण हाच प्रश्न घेऊन आला. “साहेब, साइट लायसनवाली आहे, खाली शिक्का आहे. टॅक्स भरला की पैसे मिळतील ना?” असे तो विचारत होता. त्याला जे समजावले ते इतरांच्याही उपयोगी पडावे म्हणून हे पत्र.

त्याचा हिशेब असा होता. त्याने तीन वेळा मिळून २०,००० रुपये भरले होते आणि ॲपवर ८६,४०० रुपये शिल्लक दिसत होती. पैसे काढायची विनंती टाकल्यावर आधार, पॅन, रद्द केलेला धनादेश आणि हातात आधार धरलेला सेल्फी मागितला गेला. तो पाठवल्यावर चार दिवस ‘पेंडिंग’ दिसले. मग टेलिग्रामवर निरोप आला की ८६,४०० वर तीस टक्के म्हणजे २५,९२० रुपये कर अमुक यूपीआय आयडीवर भरा, अर्ध्या तासात रक्कम सुटेल.

ऑनलाइन खेळातील निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के कर आहे, हे खरे. एप्रिल २०२३ पासून आयकर कायद्यात कलम १९४बीए आले आणि हा कर उगमातच कापायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर आली. म्हणजे रक्कम काढताना कंपनी कर कापून घेते आणि उरलेले तुमच्या खात्यात टाकते. जिंकलेले पैसे काढण्यासाठी खेळणाऱ्याने आपल्या खिशातून आधी काही भरायचे, असा प्रकारच त्यात नाही. शिवाय कर लागतो तो भरलेली रक्कम वजा करून. त्या वर्षी पूर्वीची शिल्लक नसेल आणि सुरुवातीला हाती आलेली छोटी रक्कम बाजूला ठेवली, तर ८६,४०० मधून २०,००० गेले की राहतात ६६,४००, आणि त्याचे तीस टक्के होतात १९,९२०. समोरच्याचे गणितही चुकीचे होते. खरोखर कापलेला कर पॅनवर जमा दिसतो, म्हणजे आयकर पोर्टलवरच्या वार्षिक माहिती पत्रकात त्याची नोंद येते. कोणा खासगी माणसाच्या यूपीआय आयडीवर आयकर भरला जात नाही. ‘जीएसटी’, ‘केवायसी शुल्क’, ‘खाते अनलॉक करायची अनामत’ ही त्याच मागणीची दुसरी नावे आहेत. एकदा भरले की पुढची मागणी तयारच असते.

आता परवान्याचे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन मनी गेमवर बंदी घालणारा कायदा केला. पैसे लावून खेळायचा खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, तो चालवणे, त्याची जाहिरात करणे आणि त्यासाठी पैशांची उलाढाल करून देणे या तिन्ही गोष्टी त्यात गुन्हा ठरवल्या आहेत. त्यामुळे ‘भारत सरकारमान्य’ असे लिहिणारी बेटिंगची साइट तिथेच खोटी ठरते. सर्वसाधारणपणे शिक्का असतो तो परदेशातल्या परवान्याचा: कुरासाओ, माल्टा, ब्रिटन.

तो खरा की खोटा हे पाहता येते, पण शिक्क्यावर क्लिक करून नव्हे, कारण शिक्का हे एक चित्र असते आणि त्यामागे कोणतेही पान जोडता येते. नियामकाचे संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडायचे आणि तिथल्या नोंदवहीत शोधायचे. ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनची सार्वजनिक नोंदवही आहे, तिथे साइटच्या पत्त्यानेही शोधता येते. माल्टाच्या प्राधिकरणाचीही यादी आहे. ब्रँडचे नाव जुळणे पुरेसे नाही. तुम्ही पैसे भरता ती साइट अक्षरन् अक्षर तीच आहे का, कंपनीचे नाव तेच आहे का आणि परवाना आज चालू आहे का, हे तिन्ही जुळले पाहिजे. एखादा अंक किंवा आडवी रेघ जास्त असली की ती वेगळी साइट. कुरासाओमध्ये पूर्वी एका मुख्य परवान्याखाली अनेक साइट चालत आणि सगळ्या तोच क्रमांक दाखवत. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे नवा कायदा लागू झाला आणि ती पद्धत मोडीत निघाली. तरी जुना क्रमांक चिकटवलेल्या साइट आजही दिसतात. त्या तरुणाचे ॲप व्हॉट्सॲपवरून आलेल्या एपीके फाइलचे होते, त्याला शोधावा असा पत्ताच नव्हता. आणि सगळे जुळले तरी परदेशी परवान्याने सोलापुरात बेटिंग कायदेशीर होत नाही, आणि तिथला नियामक इथल्या माणसाचे पैसे काढून देईल यावर भिस्त ठेवता येत नाही.

ओळख तपासणीची वेळही बरेच काही सांगते. ब्रिटनमध्ये मे २०१९ पासून नाव, पत्ता, जन्मतारीख ही तपासणी खेळू देण्याच्या आधीच करावी लागते. जी माहिती आधी मागता आली असती, ती पैसे काढताना अडवणूक म्हणून मागता येत नाही. तिथेही उशीर होतो, पण त्याला कारण असते: बँक खात्यावरचे नाव जुळत नाही, मोठ्या रकमेचा स्रोत विचारला जातो, किंवा बोनस घेतल्यामुळे ठरावीक रकमेचा खेळ आधी पूर्ण व्हायचा असतो. ही बोनसची अट आधीच लिहिलेली असते आणि ती वाचली नाही तर खऱ्या साइटवरही पैसे अडकतात. फसव्या साइटवर मात्र पैसे भरताना कोणी काही विचारत नाही, कागदपत्रे आठवतात ती फक्त पैसे काढताना.

या तरुणाला सुरुवातीला १,५०० रुपये मिळाले होते, त्यावरच त्याचा विश्वास बसला. मला काळजी वाटते ती या छोट्या रकमेची. अशी रक्कम बहुतेक दुसऱ्याच कोणाच्या नावाच्या भाड्याच्या खात्यातून येते आणि त्या खात्यात इतर फसवलेल्यांचे पैसे असू शकतात. परराज्यातल्या तक्रारीवरून पोलीस त्या पैशांचा माग काढतात आणि रक्कम जिथे पोहोचली ते खाते गोठू शकते. ज्या खात्यात पगार येतो तेच अडकले की घरभाडे आणि किराणा कशातून द्यायचा? शिवाय आधार, पॅन आणि सेल्फी त्यांच्या हाती गेलेला, म्हणजे आपल्या नावाने उद्या असेच एखादे खाते उघडले जाऊ शकते. त्यामुळे यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करणे आणि आपल्या नावावर नवे कर्ज निघाले का, हे क्रेडिट अहवालात पाहणे, ही दोन कामे मी त्याला तिथेच बसून करायला लावली.

घरच्यांना किंवा पोलिसांना कळेल या भीतीने लोक गप्प बसतात. वर सांगितलेल्या २०२५ च्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षेची तरतूद नाही. पैसे गेल्यावर लगेच १९३० वर फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी, कारण पुढच्या खात्यातून रक्कम निघून जाण्याआधीच ती थांबवता येते. शहर सायबर पोलीस ठाण्यात जाताना प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक, ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो, टेलिग्रामवरचा संवाद आणि बँकेचा उतारा न्यावा. आणि ॲप त्याआधी काढून टाकू नये, त्यातले व्यवहारांचे पान तक्रारीला लागते.

आपला,
एक कर सल्लागार,
नवी पेठ, सोलापूर