मंजिरी, पैसे भरण्याआधी एवढं वाच

पुणे, रविवार

प्रिय मंजिरी,

तुझा परवाचा मेसेज वाचला आणि फोनवर घाईत बोलण्यापेक्षा सविस्तर लिहावं असं वाटलं. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घ्यावी की नाही हे ठरवायला तू लाइफ कोच घेते आहेस, हे मला पटतं. पण त्या बाईंनी बारा सेशन्सचे १,२०,००० रुपये एकरकमी मागितलेत आणि शुक्रवारपर्यंत भरले तर वीस हजार कमी, असं तू लिहिलंस. शुक्रवारपर्यंत काहीही भरू नकोस.

माझं काय झालं होतं ते तुला पूर्ण कधी सांगितलंच नाही. २०१९ मध्ये मी एका कोचकडे गेले होते. ऑफिसातल्या बढतीबद्दल बोलायचं होतं. तिसऱ्या सेशनला तो बाबांच्या आजारपणाबद्दल आणि माझ्या लहानपणाबद्दल विचारायला लागला. मला रडू आवरेना, छातीत धडधडायला लागलं, तर म्हणाला, "हा तुमचा रेझिस्टन्स आहे, तो मोडायलाच हवा." घरी आल्यावर तीन रात्री झोप नव्हती. शेवटी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेले. पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या, हे काम त्या माणसाचं नव्हतंच. तक्रार करायची म्हटलं, तर कुठे करायची तेच कळेना.

का कळेना, ते नीट समजून घे. डॉक्टर चुकला तर वैद्यकीय परिषद आहे, वकील चुकला तर बार कौन्सिल. त्यांच्याकडे नावांची नोंदवही असते आणि तिच्यातून नाव काढता येतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला १९९२च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते, तो नोंदणी क्रमांक तू मागू शकतेस. लाइफ कोचसाठी अशी सरकारी वहीच नाही. आज सकाळी मी पाटी लावली तरी मला कोणी अडवणार नाही. भारतातच असं आहे असं नाही, अमेरिकेतही या नावाने काम करायला परवाना लागत नाही.

परवाना द्यायचा तर कायद्याला आधी त्या कामाची हद्द आखावी लागते. निदान करणं, उपचार करणं याची हद्द आखता येते. पण "तुला काय हवंय, काय आडवं येतंय, पुढच्या आठवड्यात काय करशील" हे विचारणं कायद्याच्या भाषेत कसं पकडायचं? तेच आपली मावशीही विचारते. म्हणून हे काम मोकळंच राहिलं आणि त्यातल्याच लोकांनी स्वतःच्या संस्था काढल्या. त्यांतली सर्वांत जास्त ओळखली जाणारी म्हणजे १९९५ साली अमेरिकेत सुरू झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, आयसीएफ. ती खाजगी संस्था आहे. नियम मोडणाऱ्या कोचची मान्यता ती काढून घेऊ शकते, पण दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुन्हा सेशन घेऊ शकतो.

आता तू पाठवलेल्या प्रोफाइलकडे येते. त्यात लिहिलंय, "आयसीएफ सर्टिफाइड कोच". या तीन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी लपू शकतात. एक म्हणजे आयसीएफने मान्य केलेल्या एखाद्या संस्थेचा कोर्स पुरा केल्याचं सर्टिफिकेट. ते त्या संस्थेने दिलेलं असतं, आयसीएफने नाही. दुसरं म्हणजे सभासदत्व, त्याची दरवर्षी फी भरायची असते. आणि तिसरं खरं क्रेडेन्शियल, जे आयसीएफ स्वतः देते. त्याच्या तीन पायऱ्या आहेत: एसीसी, पीसीसी आणि एमसीसी.

एसीसीला किमान ६० तासांचं प्रशिक्षण लागतं आणि प्रत्यक्ष लोकांना दिलेल्या सेशन्सचे १०० तास, त्यातले ७५ मोबदला घेऊन. शिवाय किमान तीन महिन्यांत मिळून दहा तास एखाद्या अनुभवी कोचकडून आपलं काम तपासून घ्यावं लागतं आणि परीक्षाही असते. पीसीसीला १२५ तासांचं प्रशिक्षण आणि ५०० तासांचा अनुभव. एमसीसीला २,५०० तासांचा अनुभव, म्हणजे कित्येक वर्षांचं काम. तिन्ही दर तीन वर्षांनी नव्याने घ्यावी लागतात, त्यामुळे जुनं सर्टिफिकेट भिंतीवर असून भागत नाही, ते आज चालू आहे का ते बघायचं. आयसीएफच्या साइटवर क्रेडेन्शियल असलेल्या कोचचं नाव शोधता येतं. तुझ्या बाईंचं नाव मी काल शोधलं, सापडलं नाही. कधीकधी नाव वेगळ्या स्पेलिंगने असतं किंवा कोणी ते यादीत दाखवत नाही, म्हणून थेट विचार: "तुमचं क्रेडेन्शियल एसीसी, पीसीसी की एमसीसी, आणि ते कधीपर्यंत चालू आहे?" एका ओळीत उत्तर येईल. "मी फार मोठ्या लोकांबरोबर काम केलंय" असं काही आलं, तर समज की क्रेडेन्शियल नाहीये.

पण क्रेडेन्शियलवर डोळे झाकून विसंबू नकोस. अनुभवाचे तास कोच स्वतः नोंदवतो, आणि मोबदला म्हणजे थोडेसे पैसे किंवा कामाच्या बदल्यात कामही चालतं. मानसशास्त्राची पदवी लागतच नाही. त्या कागदावरून एवढंच कळतं, की या माणसाने शिस्तीने शिकून घेतलं आणि कोणीतरी त्याचं काम ऐकलं.

तेच ऐकणं तूही करू शकतेस. पीसीसीसाठी कोचला आपल्या सेशनचं रेकॉर्डिंग द्यावं लागतं आणि परीक्षक त्यात ठरावीक गोष्टी शोधतात. सेशनमधून काय हवं हे कोचने समोरच्याबरोबर मिळून ठरवलं का? एका वेळी एकच प्रश्न, मोकळं उत्तर देता येईल असा विचारला का? विचार करायला वेळ दिला का? बहुतेक चांगले कोच ओळखीचं पहिलं सेशन फुकट देतात. ते घे आणि वहीत दोन खुणा करत जा: ती बोलली तर एक, तू बोललीस तर एक. चांगल्या सेशनमध्ये तुझ्या खुणा भराभर वाढतात. अर्ध्या तासात तिनेच स्वेच्छानिवृत्तीचा निर्णय सांगून टाकला, तर तिथेच थांब.

मग करारपत्र. सुरुवातीलाच लेखी हवं: किती सेशन्स, किती मिनिटं, पैसे कसे, तुझं बोलणं कोणाला सांगणार नाही याची हमी. आयसीएफच्या आचारसंहितेप्रमाणे, करारातल्या अटींना धरून, तू कधीही, कोणत्याही कारणाने थांबू शकतेस. मग उरलेले पैसे परत नाहीत असं लिहिलेलं असेल तर त्या हक्काला अर्थ काय राहिला? चार-चार सेशन्सचे पैसे भरायला मागून बघ. आणि हे विचारायला लाजू नकोस: "माझं काम कोचिंगचं नाही असं वाटलं, तर तुम्ही कोणाकडे पाठवता?" माझ्या त्या कोचकडे याचं उत्तर नव्हतं. ज्याच्याकडे एखाद्या सायकॉलॉजिस्टचं नाव तयार असतं, त्याला आपली मर्यादा माहीत असते.

अजून एक. तू लिहिलंस की पहाटे तीनला जाग येते आणि जेवण जात नाही. हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल, तर आधी डॉक्टर, मग कोच. यात माझं ऐक.

पैसे आधीच गेले असते तर ग्राहक आयोग होता, फोनवर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मात्र आत्ताच काढून ठेव.

मंगळवारी रात्री साडेनऊला फोन करते. त्या बाईंचं उत्तर आलं तर तसंच्या तसं पाठव, करारपत्राचा फोटोही. आईंना नमस्कार.

तुझी,
वैशाली