ताई, तुम्ही त्या ओळीवर हात ठेवलात

प्रिय ताई,

फोनवर हे सांगायला जमलं नाही. दोनदा लावला आणि इकडचं तिकडचं बोलून ठेवून दिला. म्हणून लिहितेय, आणि चारचौघांत लिहितेय, कारण माझ्यासारख्या वह्या ट्रंकेत टाकून बसलेली आणखी पोरं-पोरी आपल्या मराठवाड्यात आहेत.

सात वह्या होत्या. धारूर तालुक्यातल्या एका ऊसतोड टोळीबरोबर मी अख्खा हंगाम राहिले, दिवाळीनंतर फडावर उतरल्यापासून पट्टा पडेपर्यंत. रोज रात्री कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, बॅटरीच्या उजेडात लिहायचे. पाचटाची कुसळं अजूनही त्या पानांत अडकलेली आहेत. परत आल्यावर ज्यांच्याकडे मोठ्या आशेनं गेले, त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. "त्यातलं रडगाणं काढ आणि उरलेलं टाइप करून आण," एवढंच म्हणाले. मी तसं केलं. टायपिंगवाल्यानं 'कोपी'चं 'कॉपी' केलं, उसाच्या शेंड्याला म्हणतात त्या 'वाढं'चं 'वाढ' केलं, आणि माझी अर्धवट वाक्यं स्वतःच्या मनानं पुरी करून दिली. तो गठ्ठा बघून मला शाबासकी मिळाली. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण त्या पानांत ना ती माणसं होती, ना मी.

मग अंबाजोगाईला तुमच्या ओट्यावर आले. तुम्ही आधी मला झेरॉक्सच्या दुकानात पाठवलंत. मूळ वहीवर पेन्सिलीची रेघसुद्धा ओढायची नाही, जे काय करायचं ते प्रतीवर. प्रत्येक पानाला वही आणि पान असा क्रमांक घालून घेतलात, म्हणजे पुढे कुठल्याही नोंदीवरून मूळ ओळीपर्यंत परत जाता येईल. आणि मग चौथ्या वहीचं एकतिसावं पान उघडलंत. त्यावर मी लिहिलं होतं: "मुकादम आला. क-७ घाबरून आत गेली. हिशोबाचं बोलले. फार राग आला." क-७ म्हणजे टोळीतली एक बाई, नावाऐवजी क्रमांक. त्या नोंदीखाली आणखी एक ओळ होती. तुम्ही ती वाचायला सुरुवात केलीत, थांबलात, आणि तिच्यावर तळहात ठेवलात. म्हणालात, "ही तुझी आहे. कुणाला दाखवायची, ते तू ठरव. आपण वरचं बघू."

तासभर आपण वरचं बघितलं आणि तुमचा हात हलला नाही. चहा आला तो तुम्ही डाव्या हातानं घेतलात. ताई, मी अनेक शिकलेल्या माणसांना भेटले आहे. दुसऱ्याच्या वहीतली ओळ न वाचण्याचं सौजन्य मी त्यांच्यात फारसं पाहिलेलं नाही.

त्या चार वाक्यांचे आपण तीन रकाने केले. पहिल्यात फक्त दिसलं आणि ऐकलं ते. 'मुकादम आला' हेसुद्धा तुम्ही तसंच जाऊ दिलं नाहीत. तो मुकादम आहे हे तुला कुणी सांगितलं? क-१ नं, आदल्या आठवड्यात. मग नोंद झाली: मोटारसायकलवरून एक माणूस आला, क-१ च्या सांगण्यानुसार टोळीचा मुकादम. क-७ चुलीपाशी बसली होती, ती उठून कोपीत गेली आणि तो गेल्यावर बाहेर आली. बोलण्यातला 'उचल', म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, हा शब्द दोनदा ऐकू आला, बाकी ऐकू आलं नाही. शब्दन् शब्द आठवतो ते दुहेरी अवतरणात, साधारण आठवतं ते एकेरीत, नुसता आशय असेल तर चिन्हच नाही, हेही तेव्हाच ठरलं. मला आत्ता बसल्या बसल्या आठवलं की तिच्या हातात परात होती. तुम्ही ते पहिल्या रकान्यात घेऊ दिलं नाहीत. चौकटी कंसात, आजची तारीख घालून, 'नंतरची आठवण' म्हणून ठेवलंत. वर्षभरानं आठवलेली परात आणि त्या रात्री लिहिलेली परात एका तोलाची नसते, असं म्हणालात.

'घाबरून' हा शब्द दुसऱ्या, अर्थाच्या रकान्यात गेला, आणि तिथं तुम्ही विचारलंत, आधार काय? माझ्याकडे नव्हता. ती आत गेली एवढाच होता. मग बाहेरचा पुरुष आला की बाया आत जातात म्हणून गेली असेल, आत काही काम असेल, किंवा खरंच भ्याली असेल, अशा तिन्ही शक्यता लिहिल्या आणि वह्यांत शोधलं. दुसऱ्या वहीत ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आल्यावरही क-७ उठून आत गेली होती, आणि त्याला भ्यायचं तिला काही कारण नव्हतं. पाचव्या वहीत तर ती वाढ्यांच्या पैशावरून त्याच मुकादमाशी उभ्यानं भांडली होती. माझ्याच अक्षरात.

नंतर घरी बसून सातही वह्या चाळल्या. 'घाबरून', 'भेदरून', 'दबून' असे शब्द बायांबद्दल अकरा ठिकाणी सापडले. त्यातल्या चार ठिकाणी मी काहीतरी पाहिलेलं होतं: आवाज खाली गेला, हातातली भाकरी तशीच राहिली, पैसे न मोजता पदरात बांधले. उरलेल्या सात ठिकाणी नुसता शब्द होता. आणि माझं अख्खं तिसरं प्रकरण त्या अकरांवर उभं होतं. बाया मुकादमाला भीत नाहीत, असं आता मी म्हणत नाही. त्या चार नोंदी आहेत आणि त्या वजनदार आहेत. पण कशाच्या जोरावर म्हणतेय, ते आता मला दाखवता येतं.

सगळीच वाक्यं अशी फुटत नाहीत, हेही तुम्ही लपवलं नाहीत. 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे लिहिताना निरीक्षण कुठं संपतं आणि अर्थ कुठं सुरू होतो? तिथं ओढूनताणून फोडायचं नाही, वाक्य अखंड ठेवून समोर खूण करायची. काय लिहायचं आणि काय सोडायचं ही निवडसुद्धा माझीच होती, तेव्हा पहिला रकानाही पुरता कोरा नसतोच.

उरला राग. तो मी खोडायला निघाले होते, कारण मला तसंच शिकवलं होतं. तुम्ही मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितलीत. तो 1942 साली गेला आणि त्याची खाजगी डायरी 1967 साली छापून आली, तेव्हा लोकांना कळलं की ज्यांच्यात राहून तो लिहीत होता त्यांच्यावर तो किती चिडायचा. ते त्याच्या ग्रंथांत कुठंच नव्हतं. "राग काढून टाकलास तर तुझा अर्थ असा का झुकला, हे तुलाच कळणार नाही," असं तुम्ही म्हणालात आणि तिसरा रकाना त्या रागासाठी ठेवलात.

तुमच्या हाताखालची ती ओळ मी परवा स्वतः उतरवली. "आईपण अशीच उठून आत जायची." लहानपणी फडावर मी ते पाहिलं होतं आणि तेव्हाच ठरवून टाकलं होतं की ती भिते. क-७ ला बघायच्या आधीच 'घाबरून' हा शब्द माझ्याजवळ तयार होता.

उतरवून झाल्यावर आईला वाचून दाखवलं. ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबवून म्हणाली, "भ्याले नव्हते गं. तू आत निजलेली आसायचीस."

हे मी दुहेरी अवतरणात, परवाची तारीख घालून लिहून ठेवलंय. कुठल्या रकान्यात जातं ते मला ठरवता आलेलं नाही. रविवारी वही घेऊन येते.

तुमची,
वह्यावाली