पसंतीक्रम भरताना 'सुरक्षित' पर्याय वर नको

मा. संपादक,

महोदय,

अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरण्याच्या दिवसांत गुहागर, राजापूरकडच्या सायबर कॅफेंत एक सल्ला सर्रास दिला जातो: मिळण्यासारखे कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाका, नाहीतर तेही हातचे जाईल. हा सल्ला चुकीचा असून त्यामुळे आपल्या भागातील चांगल्या गुणांच्या मुलांचे दरवर्षी नुकसान होते, म्हणून हे पत्र.

जागावाटप करताना संगणक आधी विद्यार्थ्याचा गुणवत्ता क्रमांक पाहतो आणि मगच त्याची यादी उघडतो. ज्याचा क्रमांक वर, त्याची यादी आधी वाचली जाते. ती वरून खाली वाचत जाताना ज्या पहिल्या पर्यायात त्याला लागू असलेली जागा शिल्लक असेल, ती त्याला मिळते आणि त्याखालचे पर्याय त्या फेरीत पाहिलेच जात नाहीत. समजा, राजापूरच्या एका मुलीचा क्रमांक २४ हजार ३०० आहे आणि दापोलीच्या एका मुलाचा २४ हजार ९००. दोघेही एकाच प्रवर्गातले आहेत आणि रत्नागिरीच्या एका कॉलेजात त्या प्रवर्गाची कॉम्प्युटरची एकच जागा उरली आहे. मुलीने मुंबईचे तीन पर्याय वर ठेवून ही जागा चौथ्या क्रमांकावर टाकली, मुलाने पहिल्या. मुंबईचे तिन्ही पर्याय तिच्या आधीच भरले असतील, तर रत्नागिरीची जागा तिलाच मिळेल. मुलाने ती पहिली टाकली, या गोष्टीला तिथे काहीही वजन नाही. मुंबईचे पर्याय वर ठेवल्याने मुलीची रत्नागिरीवरची पकड तसूभरही सैल झाली नाही.

आता उलट बाजू पाहा. हीच मुलगी घाबरून रत्नागिरी पहिल्या क्रमांकावर टाकते आणि नेमकी त्या वर्षी तिला हव्या असलेल्या मुंबईच्या कॉलेजात आयटीची एक जागा तिच्या क्रमांकापर्यंत उतरते. यादी पहिल्याच ओळीवर थांबल्यामुळे मुंबईची ती जागा तिच्यापेक्षा खालच्या क्रमांकाच्या कुणाला तरी जाते. शिवाय पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप फ्रीज होते, म्हणजे तीच अंतिम ठरते. प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांची दारे बंद होतात. मागील वर्षाचा कटऑफ यादी किती लांबवर न्यायची हे ठरवायला उपयोगी पडतो. क्रम मात्र आवडीनेच लावायचा. त्या आवडीत वसतिगृहाचा खर्च आणि मुंबईत राहणे झेपेल की नाही हेही आलेच, आणि त्यामुळे कुणाला रत्नागिरी खरोखरच अधिक सोयीची वाटत असेल, तर तिने ती अवश्य वर ठेवावी.

२०२५-२६ पासून मात्र एक बारकावा वाढला आहे. त्या वर्षी चार फेऱ्या ठेवल्या गेल्या आणि दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन, तर तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पर्यायांपैकी काहीही मिळाले तरी जागा आपोआप फ्रीज करण्याचा नियम आला. म्हणून दुसऱ्या फेरीची यादी करताना पहिल्या तीन ओळींत, मिळाली तर पुढच्या फेरीची वाट न पाहता घेईन, अशीच कॉलेजे असावीत. रत्नागिरी तिसरी ठेवली तर ती मिळताच मुलगी तिथे अडकेल. त्याच्या वर मनापासून हवे असलेले आणखी एक-दोन पर्याय आले आणि रत्नागिरी चौथी-पाचवी झाली, तर ती जागा हाती ठेवून तिला बेटरमेंटसाठी, म्हणजे पुढच्या फेरीत अधिक आवडीची जागा मिळते का ते पाहण्यासाठी, थांबता येईल. नुसती भर घालण्यासाठी नको असलेले कॉलेज वर टाकणे मात्र घातक आहे, कारण तेच मिळाले तर तेच घ्यावे लागते. बेटरमेंटच्या यादीतही हातातल्या जागेहून कमी आवडीचा पर्याय चुकूनही नसावा. नवी जागा मिळाली की जुनी आपोआप रद्द होते.

शेवटी फॉर्म लॉक, म्हणजे कन्फर्म करण्याविषयी. पर्याय नुसते सेव्ह करून फॉर्म पूर्ण होत नाही. विद्यार्थ्याने स्वतःच्या लॉगिनमधून तो कन्फर्म करावा लागतो आणि त्यानंतर क्रम बदलता येत नाही. ऐन पावसाळ्यात किनाऱ्यालगतच्या गावांत वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाची असतात, त्यामुळे शेवटच्या संध्याकाळची वाट पाहू नये आणि पासवर्ड कॅफेवाल्याच्या हाती देऊ नये. कन्फर्म केल्यावर फॉर्मची प्रत काढून प्रत्येक चॉईस कोडसमोरचे कॉलेज आणि शाखा वाचून पाहावी. पण ही पडताळणी कन्फर्म करण्याआधी कागदावर करणे अधिक उपयोगाचे, कारण एकाच कॉलेजच्या दोन शाखांचे कोड एखाद्या अंकानेच वेगळे असतात.

ही प्रवेश प्रक्रिया राबवणाऱ्या सीईटी कक्षाने ऑप्शन फॉर्मच्या पानावरच, पहिल्या तीन आणि पहिल्या सहा ओळी वेगळ्या रंगात दाखवून, 'यांपैकी मिळाल्यास जागा फ्रीज होईल' अशी सूचना ठळक मराठीत द्यावी, अशी माझी मागणी आहे. आपणही पुढील फेऱ्यांच्या वेळापत्रकाच्या बातमीसोबत हा नियम चौकटीत छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी