सिस्टर, तुम्ही माझ्या बांगड्या पाहिल्यात

उपकेंद्रातल्या सिस्टरना,
सप्रेम नमस्कार.

लेक आज सव्वा महिन्याची झाली. अजूनही त्या दुपारची आठवण आली की डोळे भरतात.

सातव्या महिन्यात छातीत जळजळ सुरू झाली, तेव्हा पहिला इलाज तुम्हीच सांगितला होता. घरात "दोन जिवांची आहेस, पोटभर जेव" म्हणून ताट वाढलं जायचं. तुम्ही म्हणालात, गर्भाशय वर चढलंय, पोटाला जागा उरली नाही, आणि अन्ननलिकेचं तोंड या दिवसांत सैल पडतं. म्हणून अर्धी भाकरी, पण दर दोन-तीन तासांनी. रात्रीचं जेवण सातला, आडवं व्हायचं दहाला. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा आणि झोप डाव्या कुशीवर. आठवड्यात आराम पडला होता.

म्हणूनच छत्तीसाव्या आठवड्यातलं दुखणं मला वेगळं वाटलं. जळजळ गळ्याकडे यायची, उठून बसलं की कमी व्हायची. हे मात्र उजव्या बरगडीखाली धरून बसलं होतं. जेवण, कूस, काहीही बदललं तरी हलेना. डोकंही ठणकत होतं. ज्यांच्याकडे आधी गेले, त्या डॉक्टरांनी मान वर न करता "पित्त आहे, पाय तर सगळ्यांचेच सुजतात" म्हणून गोळी लिहिली. बीपीचा पट्टा दंडाला लावलासुद्धा नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आधी माझं मनगट हातात घेतलंत. "बांगड्या कधीपासून फिरत नाहीत?" डोहाळजेवणाचा हिरवा चुडा, पार रुतला होता. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. पायांची सूज पूर्वी संध्याकाळी यायची, पाय उशीवर ठेवून झोपलं की सकाळी उतरायची. तीन दिवस ती सकाळीही तशीच होती, चेहरासुद्धा जड झाला होता. हे सगळं तुम्ही एकेक करून विचारलंत.

बीपी 148/96. पंधरा मिनिटं बसवून पुन्हा घेतलंत, तरी तेवढंच. 140/90 च्या वर म्हणजे थांबायचं नाही, एवढंच बोललात. लघवीतही प्रथिनं निघाली. गाडी येईपर्यंत तुम्ही खोबरेल तेल घेऊन माझ्या शेजारी फरशीवर बसलात आणि एकेक बांगडी सोडवलीत. "फोडायची नाही, बाळंतपणाचा चुडा आहे," म्हणालात. सगळ्या शाबूत निघाल्या. मी इतकी घाबरले होते, पण तुमच्या त्या तेलकट बोटांनी मला धीर आला. बाहेर रांग होती, तरी तुम्ही घाई केली नाहीत. अशी माणसं सरकारी खोलीत, गळक्या नळाशेजारी बसून आपलं काम करत असतात, म्हणून आमच्यासारख्या बायका घरी परत येतात.

तालुक्याला बीपी आणखी चढलं, झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शनं द्यावी लागली. बाळंतपणानंतरही बीपी चढू शकतं, हे तुम्ही सांगितलंत ते मी विसरले नाही. गोळी चालू आहे, पुढच्या आठवड्यात तपासणी आहे.

दीड महिन्याच्या लसीला लेकीला घेऊन येतेय. चुडा आता पुन्हा मनगटावर सैल फिरतो. तोच घालून येईन.

तुमची,
एक लेकुरवाळी