अण्णा, बारदान वजा करायला शिकवलंत

ति. अण्णांस,
सा. न. वि. वि.

दिवाळीनंतर तुम्ही काम सोडलंत आणि मार्केट यार्डातली आपली ती कोपऱ्यातली खुर्ची रिकामी झाली. काल शेठ पुन्हा माझ्यावर फुटले. भर दुकानात, हमाल-मापाड्यांसमोर. मी ऐकून घेतलं, एकच प्रश्न विचारला आणि जागेवर येऊन बसले. हात थोडे थरथरत होते, पण रडले नाही. तेव्हा तुमची आठवण आली. तोंडावर कधी म्हणता आलं नाही, म्हणून हे पत्र. चारचौघांनीही वाचावं असं वाटलं म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

तो सोमवार तुम्हाला आठवत असेल. हळदीच्या ८० पोत्यांचा लॉट परत आला होता. सौद्यात ओलावा १० टक्क्यांच्या आत ठरलेला. मी नमुना घेतला होता, मशीनवर ९.२ आलं होतं, कागदावर लिहिलंही होतं. तिकडं मात्र ११ पोती १३-१४ टक्क्यांची निघाली. शेठ आत आले ते ओरडतच. "तुला अक्कल आहे का? वरवरची चार पोती बघून आख्खा लॉट पास केलास! ओलावा बघितलास तरी का? शनिवारी पार्टीचा फोन आला, तो सांगायला काय झालं होतं? तुझं नेहमीचंच आहे हे. तुम्हा आजकालच्या पोरांना मोबाईल सोडून काही दिसतच नाही."

माझे कान तापले. तोंडातून निघालं, "पण शेठ, मशीनवर तर..." आणि तो 'पण' ऐकताच त्यांचा आवाज दुप्पट झाला. पुढचं सगळं धुक्यात गेलं.

त्यानंतर जे आले ते सगळे माझ्याच बाजूचे होते, हे खरं. कुणी म्हणालं, मनावर घेऊ नकोस. कुणी म्हणालं, शेठ असेच आहेत, या कानानं ऐक, त्या कानानं सोड. आधीच्या नोकरीतल्या साहेबांनी तर फोनवर सरळ सांगितलं, सोड ती नोकरी. (हेच साहेब मला दोन वर्षं "छान, छान" म्हणत राहिले आणि काम काढून घेताना कारणही सांगितलं नव्हतं.) माया सगळ्यांची होती, उपयोग कुणाचाच झाला नाही. पोत्यात हळद आहे की नाही हे न बघता त्यांनी आख्खं पोतं फेकून द्यायला सांगितलं.

तुम्ही मात्र काहीच बोलला नाहीत. एक जुनी वजनाची पावती उलटी करून माझ्यासमोर सरकवलीत. तिच्यावर तुमची ती बोटभर उरलेली पेन्सिल ठेवलीत आणि पुन्हा तुमच्या खतावणीत डोकं घातलंत.

अण्णा, बाकीचं सगळं विसरेन, ते सरकवणं विसरणार नाही. त्या क्षणी कुणी पाठीवर हात ठेवला असता तर मी हमसून रडले असते. पेन्सिलीनं हाताला काम दिलं.

मी लगेच लिहायला लागले, तेव्हा मात्र तुम्ही थांबवलंत. "पेवाचं तोंड उघडल्या उघडल्या कुणी आत उतरतं का गं?" हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायच्या पेवांच्या गोष्टी तुमच्याकडून कितीदा ऐकल्या होत्या. आत हवा कोंडलेली असते, माणूस गुदमरतो. म्हणून तोंड उघडं ठेवून वाट बघायची, कंदील खाली सोडायचा आणि तो तेवत राहिला तरच उतरायचं. "जेवून घे. दुपारी लिही. शेठ जे बोलले ते त्यांच्याच शब्दात लिही, तुझ्या मनाचं घालू नकोस."

दुपारी लिहिलं. सहा वाक्यं झाली. मग तुम्ही पावतीची सुलटी बाजू दाखवलीत. एकूण वजन, बारदान, निव्वळ. "यातलं पोतं किती आणि हळद किती, ते काढ. जे यार्डात जाऊन तपासता येतं ती हळद. जे तपासताच येत नाही ते बारदान."

अक्कल, मोबाईल, आजकालची पोरं. तीन फटक्यांत बारदान गेलं. शनिवारचा फोन खरा होता. मी घेतला होता आणि सोमवारी सांगू म्हणून ठेवला होता. वरच्या पोत्यांचं मला खोटं वाटत होतं, कारण मी चार नाही, सहा पोती बघितली होती. तुम्ही विचारलंत, "सहा कुठली?" मी गप्प. सहाही वरच्या थरातली, हाताला येतील ती. खालच्या थरात, भिंतीकडेला, जिथं फळ्या नव्हत्या, तिथं नमुन्याची नळी मी खुपसलीच नव्हती. ओली ११ पोती तिथलीच असणार. म्हणजे माझं ९.२ खरं होतं, आणि लॉटबद्दल ते काहीच सांगत नव्हतं. जी गोष्ट ढाल म्हणून पुढं करत होते, तीच माझी चूक होती.

'नेहमीचंच' हा शब्द मी बारदानात टाकला होता. तुम्ही तो परत काढलात. "नेहमी म्हणजे कितीदा, ते वहीत बघ." वहीत मागच्या दोन लॉटमध्येही नमुना कुठल्या पोत्यातला, ते मी लिहिलेलं नव्हतं. नेहमी नव्हतं, पण तीनदा होतं. रागात माणूस तीनाचं नेहमी करतो. म्हणून शब्द सोडून द्यायचा आणि आकडा शोधायचा, हे तिथं कळलं.

ओलावा बघितलाच नाही, हा आरोप तेवढा निखालस चुकीचा होता. तो मी गिळायचा का, असं तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "गिळू नको, पण रांगेत शेवटी उभा कर." दुसऱ्या दिवशी शेठकडे गेले. आधी फोनचं कबूल केलं. मग थरांचं सांगितलं, यापुढं प्रत्येक थरातून नमुना घेईन आणि पोत्याचा नंबर लिहीन म्हणाले. सगळ्यात शेवटी, एका वाक्यात, ओलावा मोजला होता एवढं सांगून कागद पुढं ठेवला. शेठनी कागद बघितला. "हं" म्हणाले. माफी वगैरे काही नाही. पण त्याच आठवड्यात भिंतीकडेला फळ्या आल्या.

आणखी एक सांगितलं होतंत, तेही इथं लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल अण्णांनी पोरीला नुसतं सोसायला शिकवलं. "कामावर बोलले तर ऐक. आईबापावर गेले, बाईमाणूस म्हणून बोलले, तर तिथं चाळत बसू नको. तिथं हळद नसतेच. उठून जा, मला सांग." तशी वेळ आली नाही. पण तुम्ही पाठीशी आहात हे माहीत होतं, म्हणून बाकीचं ऐकून घ्यायला बळ आलं.

कालचं सांगायचं राहिलं. बिलात पोत्यांचा आकडा चुकला म्हणून शेठ ओरडत होते. 'पण' ओठांपर्यंत आला होता. तो गिळला आणि विचारलं, "शेठ, किती पोत्यांचा फरक आहे?" ते बोलता बोलता थांबले, चष्मा लावून बिल बघायला लागले. दोनचा होता. चूक माझीच होती.

नवीन आलेला पोरगा हे सगळं बघत होता. नंतर म्हणाला, ताई, मनावर घेऊ नका. मी हसले आणि एक पावती उलटी करून ठेवली, पुढच्या वेळी त्याच्यासाठी.

पेन्सिल मात्र त्याला दिली नाही. ती तुमची आहे, आता नखाएवढी उरलीय. रविवारी हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला येतेय, तेव्हा घेऊन येते. काकूंना सांगा, चहा तुमच्याकडेच घेईन.

तुमची,
दुकानातली पोरगी
सांगली