आजोबांची नव्वदी आणि रिकाम्या जागा

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. चार महिने पत्र नाही, याबद्दल दोन शिव्या आधीच देऊन टाक. इकडे सर्व ठीक, माझा गुडघाही ठीक.

पुढच्या रविवारी आजोबांना नव्वद वर्षे पूर्ण होत आहेत. अडतीस फोटो पडद्यावर दाखवायचे आणि निवेदन मी करायचे, असे ठरले. काल घरी तालीम केली, तेव्हा दर सहा सेकंदांनी फोटो आपोआप बदलत होता. काशीयात्रेच्या फोटोला सगळे हसले आणि त्या हशात माझी पुढची दोन वाक्ये बुडाली. आजोबांना कमी ऐकू येत असल्यामुळे ते बाकीच्यांच्या मागून हसतात, आणि त्यांचे हसू सुरू झाले तेव्हा पडद्यावर गॅसची शेगडी होती!

आता आपोआप बदलणे बंद केले आहे. फोटो आला की दोन सेकंद मी गप्प राहतो, कारण माणसे आधी पाहतात आणि मग ऐकतात. समूहफोटोला याहून जास्त वेळ द्यावा लागतो, कारण जो तो आधी स्वतःला शोधतो. हशाची जागा कागदावर चौकोनाने दाखवली आहे. हसू ओसरू लागले की बोलायचे, पूर्ण थांबण्याची वाट पाहायची नाही. आणि त्यानंतरचे पहिले वाक्य वाया गेले तरी चालेल असे, म्हणजे नुसते गाव आणि साल, ठेवायचे.

खरी अडचण लग्नाच्या फोटोची आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, त्यात घरातला अल्बम गेला. साताऱ्याच्या आत्याकडे होती तेवढी एकच प्रत वाचली. त्यात आजोबांची पेन्सिलीने काढल्यासारखी मिशी पाहून लोक हसणार, आणि शेजारी आजी दिसताच गप्प होणार. एकाच फोटोला दोन्ही कसे सांभाळायचे? शेवटी त्याचे दोन भाग केले. आधी नुसती मिशी, हशासाठी चौकोन; मग पूर्ण फोटो, आणि तिथे निवेदनच नाही. काकू म्हणते, तिथे काहीतरी हलकेफुलके बोल, नाहीतर आजोबा रडतील. मला वाटते, रडू द्यावे. पण ती शांतता किती सेकंदांची, हे कागदावर लिहिता येत नाही.

म्हणून तुला लिहितो आहे. गॅदरिंगला टाळ्या संपायच्या आत पडदा पाडणारा तूच होतास, आणि ते मी अजून माफ केलेले नाही. तरीही आजीला ओळखणारा आणि माझा चेहरा वाचणारा दुसरा माणूस माझ्याकडे नाही. नव्या घराचे काम आटोपले का? वहिनींना नमस्कार. रविवारी चारपर्यंत ये. रिमोट तुझ्याकडे देणार आहे, आणि त्या फोटोला माझ्याकडे नव्हे, आजोबांकडे पाहायचे. त्यांनी पडद्यावरून नजर काढली की बटण दाबायचे, त्याआधी नाही.

तुझा,
बंड्या