सरसकट गुण हा न्याय नव्हे

माननीय संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील उत्तरसूचीची कथा वाचली. भाषा प्रसन्न आहे, याबद्दल लेखकाचे अभिनंदन. मात्र गणिताच्या एका प्रश्नाची उत्तरसूची चुकीची निघाल्यावर कथेतील बाई वर्गातील सर्वांना एकेक गुण वाढवून निर्धास्त झोपी जातात, आणि वाचकांनी त्यांना थोर मानावे अशी लेखकाची अपेक्षा दिसते, ती मान्य करणे मला अवघड आहे.

कथेतील प्रश्न असा: पाचशे रुपयांच्या छत्रीची किंमत आधी २० टक्के वाढवली आणि मग २० टक्के उतरवली, तर किती बदल होतो? ती सहाशेवर जाऊन ४८० रुपयांवर येते, म्हणजे मूळ किमतीपेक्षा ४ टक्के कमी होते. कथेतील उत्तरसूची ‘बदल नाही’ म्हणते. त्यामुळे बरोबर उत्तर लिहिणारी मुलगी ४७ वर राहिली आणि चुकलेला मुलगा ४८ वर गेला. बाईंनी ज्याने चुकीचे लिहिले त्याचा गुण काढून जिने बरोबर लिहिले तिला दिला असता, तर ती ४८ आणि तो ४७ झाला असता. सरसकट वाटपाने तिचे ४८ झाले खरे, पण त्याचे ४९ झाले, आणि तो पुढेच राहिला. यात न्याय कोणता झाला?

प्रश्नच सदोष किंवा संदिग्ध असेल, तर सर्वांना गुण देणे रास्त आहे. येथे प्रश्न निर्दोष होता, सूची चुकली होती. अशा वेळी तो प्रश्न प्रत्येक उत्तरपत्रिकेत पुन्हा तपासून बेरीज नव्याने मांडावी लागते, आणि गुणतक्त्यातील खाडाखोडीवर सही करावी लागते. हे काम कंटाळवाणे असल्यामुळेच बहुधा कथेत आले नसावे.

लालबागच्या ज्या शाळेत मी गणित शिकवीत होते, तेथे सहामाहीत हेच घडले. मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, पालकांनी गुण पाहिलेत, आता कमी कसे करायचे? देऊन टाका सगळ्यांना.” दुसऱ्या दिवशी एका मुलीचे वडील शिक्षक खोलीच्या दारात उभे राहून विचारत होते, “माझ्या मुलीला बरोबर उत्तराचा गुण दिलात, मग चुकलेल्यांना कशाचा दिलात?” खोलीतील एकाकडेही उत्तर नव्हते.

शिवाय अशी चूक गठ्ठा संपेपर्यंत दडून राहत नाही. पहिल्या काही उत्तरपत्रिकांतच हुशार मुले एकाच प्रश्नात चुकताना आणि नेहमी अडखळणारी मुले तोच प्रश्न बरोबर सोडवताना दिसली, की मुलांआधी सूचीवर संशय घ्यायचा असतो. कथेतील बाईंना पंचवीस वर्षांच्या अनुभवी म्हटले आहे!

जाता जाता, बिल्डरच्या जाहिरातीसाठी कथेचा शेवटचा रकाना इतक्या बारीक टायपात कोंबला होता, की तो मला नातवाकडून वाचून घ्यावा लागला. पुढच्या रविवारी कृपया टाइप तेवढा वाढवावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मुलुंड (पूर्व), मुंबई